मग काय झालं, आणि तेव्हा काय चाललं होतं?

पोरांनो, इंग्रजीच्या पेपरात एक गोष्ट येते. गोष्ट छोटीच असते, दहा-पंधरा ओळींची. क्रियापदं मूळ रूपात दिलेली असतात आणि ती भूतकाळात बसवायची असतात. कुठे साधा भूतकाळ, कुठे अपूर्ण भूतकाळ. म्हणजे कुठे ‘वॉक्ड’ आणि कुठे ‘वॉज वॉकिंग’. व्याकरणाचे नियम तुम्हाला पाठ असतात, तरी मार्क जातात. कारण तुम्ही पहिली रिकामी जागा दिसली की भरता, मग दुसरी वाचता, मग तिसरी. गोष्ट अशी तुकड्यातुकड्यानं वाचली तर कुठली क्रिया आधीपासून चालू होती आणि कुठली मध्येच घडली, हे कळणार कसं? म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पेन खाली ठेवा आणि गोष्ट शेवटपर्यंत वाचा. रिकाम्या जागेशी अडायचं नाही, मूळ क्रियापदच मनात म्हणत पुढं जायचं.

दुसरं सांगणं माझं स्वतःचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत एक थोरल्या बाई होत्या. त्या फळ्यावर नियम लिहायच्या नाहीत. गोष्ट सांगताना मध्येच थांबायच्या आणि वर्गाला मराठीत दोनच प्रश्न विचारायच्या. एक, ‘मग काय झालं?’ आणि दुसरा, ‘तेव्हा काय चाललं होतं?’ ज्या क्रियेनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं तिला साधा भूतकाळ. जिनं दुसऱ्याचं मिळतं तिला ‘वॉज’ किंवा ‘वेर’ आणि पुढं ‘इंग’. पुढं मी बरीच पुस्तकं चाळली. रेमंड मर्फींचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे १९८५ साली पहिल्यांदा निघालेलं पुस्तक आजही दुकानात मिळतं, त्यात अपूर्ण भूतकाळाला एक अख्खा धडा दिला आहे. तो जरूर वाचा. पण परीक्षेच्या बाकावर बसल्यावर हाताशी येतात ते बाईंचे दोन प्रश्नच.

हे प्रश्न मराठीत विचारून चालतात, कारण हा फरक मराठीलाही आहे. ‘मी घरी जात होतो तेव्हा पाऊस आला’ असं तुम्ही सहज बोलता. ‘मी घरी गेलो तेव्हा पाऊस येत होता’ म्हटलं की अर्थ बदलला, हेही तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. तेव्हा या धड्यात मराठी कान हे भांडवल आहे. फक्त तीन ठिकाणी हा कान दगा देतो, आणि परीक्षक मार्क कापतात ते बहुतेक तिथंच. त्या जागा मी पुढं दाखवते.

आधी एक गोष्ट घेऊ. ती मीच रचली आहे. भरायचं क्रियापद दोन रेघांमध्ये ठेवलं आहे.

‘इट वॉज हाफ पास्ट एट अ‍ॅट नाइट. आउटसाइड, इट —रेन— हेविली. ग्रँडमदर —सिट— ऑन द स्विंग अँड मीना —डू— हर होमवर्क. सडनली द लाइट्स —गो— आउट. मीना —गेट— अप अँड —फाइंड— द मॅचेस. व्हाइल शी —लाइट— अ कँडल, समवन —नॉक— ऑन द डोअर. ग्रँडमदर —नॉट वाँट— टु ओपन इट, बट मीना —नो— द व्हॉइस. व्हेन शी —ओपन— द डोअर, द ग्रोसर —स्टँड— देअर इन द रेन. ही —वेअर— अ रेनकोट, अँड समथिंग —मूव्ह— अंडर इट. “इट —हाइड— बिहाइंड द राइस बॅग्ज व्हेन आय —क्लोज— द शॉप,” ही —से—. इट वॉज मीनाज किटन.’

वाचलीत पूर्ण? आता भरायला घेऊ.

सुरुवातीच्या तीन जागा एकत्र बघा. साडेआठ वाजले आहेत. नाटकाचा पडदा वर गेला की रंगमंचावर आधीच काहीतरी चाललेलं असतं, तसं हे आहे. बाहेर पाऊस पडतो आहे, आजी झोपाळ्यावर आहे, मीना अभ्यास करते आहे. यातल्या एकाही क्रियेनं गोष्ट पुढं सरकलेली नाही. ‘मग काय झालं?’ याला अजून उत्तरच नाही. म्हणून ‘इट वॉज रेनिंग’, ‘ग्रँडमदर वॉज सिटिंग’, ‘मीना वॉज डूइंग’. गोष्टीचं पहिलं वाक्य वेळ किंवा जागा सांगत असेल, तर त्याच्या पाठोपाठची दोन-तीन क्रियापदं बहुधा अशीच चालू क्रिया दाखवणारी असतात. बहुधा म्हणते, नेहमी नाही.

‘सडनली’ आलं की मग काय झालं? लाइट गेले. ‘द लाइट्स वेंट आउट’. मग काय झालं? मीना उठली, तिनं काडेपेटी शोधून काढली. ‘गॉट अप’, ‘फाउंड’. इथं एकामागून एक घटना आहेत. एक संपली तेव्हा दुसरी झाली. अशा माळेतल्या प्रत्येक क्रियेला साधा भूतकाळच द्यायचा, मग ती क्रिया व्हायला दोन सेकंद लागोत की दोन तास. ‘उठायलाही वेळ लागतोच की’ असा विचार करून ‘वॉज गेटिंग अप’ लिहिणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. वेळ किती लागला हा प्रश्न इथं नाहीच.

‘व्हाइल शी —लाइट— अ कँडल’ हे मराठीत म्हणून बघा: ‘ती मेणबत्ती लावत असताना’. मराठीत ‘असताना’ आलं की इंग्रजीत ‘वॉज लाइटिंग’ जवळजवळ नक्की. आणि ती लावत असताना काय झालं? कुणीतरी दार वाजवलं. ‘समवन नॉक्ड’. हीच ती अडवलेली क्रिया आणि अडवणारी घटना, जिच्यासाठी हा सगळा प्रश्न रचलेला असतो.

या ‘अडवलेली’ शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्यानं घोळ होतो. पुस्तकं म्हणतात की चालू क्रिया दुसऱ्या क्रियेनं तुटली की अपूर्ण भूतकाळ. मग मुलं विचारतात, ‘बाई, मी जेवत होतो तेव्हा फोन वाजला, पण मी जेवण थांबवलं नाही, मग ती अडली कुठं?’ प्रश्न बरोबर आहे. अडणं, थांबणं याला महत्त्व नाही. त्या क्षणी ती क्रिया सुरू झालेली होती आणि संपलेली नव्हती, एवढंच पाहायचं. पुढं ती थांबली, चालू राहिली की मोडली, हे वाक्य सांगत नाही. मीनानं दार वाजल्यावर मेणबत्ती लावली की काडी टाकून दिली, आपल्याला ठाऊक नाही. त्यानं उत्तर बदलतही नाही.

हे ‘संपलेली नव्हती’ किती जिवावरचं आहे ते एका क्रियापदानं पटतं. ‘द बॉय वॉज ड्राउनिंग व्हेन द बोटमन जंप्ड इन.’ मुलगा बुडत होता, नावाड्यानं उडी घेतली, मुलगा वाचला असण्याची आशा आहे. ‘द बॉय ड्राउन्ड’ लिहिलंत तर मुलगा गेला. मग पुढच्या ओळीत तो आईला मिठी मारतो, तेव्हा परीक्षकानं काय समजायचं? ‘डाय’ या क्रियापदाचंही तसंच. ‘द प्लँट वॉज डाइंग’ म्हणजे रोप मरायला टेकलं होतं, पाणी घातलं तर जगेल. ‘डाइड’ म्हणजे संपलं. रिकाम्या जागेत असं क्रियापद दिसलं की पुढची ओळ वाचून ठरवा. गोष्ट आधी पूर्ण वाचा म्हणते ती त्यासाठीच.

आता मीनाच्या गोष्टीत पुढं जाऊ. इथं मराठी कानाचा पहिला दगा येतो.

‘व्हेन शी ओपन्ड द डोअर, द ग्रोसर —स्टँड— देअर.’ मराठीत आपण काय म्हणू? ‘तिनं दार उघडलं तेव्हा वाणी तिथं उभा होता.’ यात ‘करत होता’, ‘चालत होता’ असं काही ऐकू येत नाही. पुढं बघा. ‘त्यानं रेनकोट घातला होता.’ ‘ते तांदळाच्या पोत्यांमागं लपलं होतं.’ आणि वरती, ‘आजी झोपाळ्यावर बसली होती.’ मराठी व्याकरणात ‘बसली होती’, ‘लपलं होतं’, ‘घातला होता’ ही सगळी पूर्ण भूतकाळाची रूपं. मराठी पूर्ण भूतकाळाला इंग्रजीत ‘हॅड’ लावायचं, असं आपण भाषांतर शिकताना घोटलेलं असतं. मग पेपरात येतं ‘ग्रँडमदर हॅड सॅट’, ‘ही हॅड वोर्न अ रेनकोट’. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या दिवसांपासून मराठी माणूस भाषांतरातून इंग्रजी शिकत आला, आणि ही चूकही त्याच वाटेनं चालत आली असावी असं मला वाटतं.

खरी भानगड अशी. मराठीत ‘बसणं’ म्हणजे उभ्याचं खाली टेकणं. ते एका क्षणात उरकलं, आणि पुढं माणूस ‘बसलेला’ राहिला. म्हणून ‘बसली होती’. ‘आजी बसत होती’ म्हटलं तर आजी गुडघे धरून हळूहळू खाली टेकते आहे असं डोळ्यांसमोर येतं. इंग्रजी बसून राहण्यालाच चालू क्रिया मानतं. टेकण्याला ते ‘सिट डाउन’ म्हणतं आणि बसून राहण्याला ‘सिट’. म्हणून बसलेल्या आजीला ‘वॉज सिटिंग’ हवं. उभं असणं, झोपलेलं असणं, आडवं पडलेलं असणं, लटकलेलं असणं, टेकून राहणं, लपून बसणं, अंगावर कपडे असणं, हातात काही धरलेलं असणं, या सगळ्यांची तीच गत. ‘तो झोपला होता’ ला ‘ही वॉज स्लीपिंग’. ‘वटवाघूळ फांदीला लटकलं होतं’ ला ‘द बॅट वॉज हँगिंग’. ‘तिनं हिरवी साडी नेसली होती’ ला ‘शी वॉज वेअरिंग अ ग्रीन सारी’.

ओळखायची खूण सोपी आहे. मराठीत ‘ला होता, ली होती, लं होतं’ आलं की त्या जागी ‘लेला दिसत होता’ घालून पाहा. ‘आजी बसलेली दिसत होती’, ‘वाणी उभा दिसत होता’, ‘रेनकोट घातलेला दिसत होता’. दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांना ती स्थिती त्या क्षणी दिसत असेल, तर इंग्रजीत ‘इंग’ लावा. पण ‘वाण्यानं दुकान बंद केलं होतं, मग तो आमच्याकडे आला’ यात दिसण्यासारखी स्थिती सांगायची नाही, आधी उरकलेलं काम सांगायचं आहे. तिथं ‘हॅड क्लोज्ड’ बरोबर. पेपरात दोनच काळांतून निवडायला सांगितलं असेल, तर तो तिसरा काळ तुमच्या वाटेला येणारच नाही. सूचना नीट वाचा.

एक कोपरा सांगून ठेवते. माणूस, मांजर, सायकल उभी असेल तर ‘वॉज स्टँडिंग’. देऊळ टेकडीवर उभं असेल तर ‘द टेंपल स्टुड ऑन अ हिल’. कारण देऊळ घटकाभर उभं राहून निघून जाणार नसतं.

मीनाच्या गोष्टीत अशा जागा चार निघाल्या: ‘वॉज सिटिंग’, ‘वॉज स्टँडिंग’, ‘वॉज वेअरिंग’, ‘वॉज हायडिंग’. चारही ठिकाणी ‘हॅड’ लिहिलं की चार मार्क गेले. रेनकोटखाली काहीतरी हलत होतं, ‘समथिंग वॉज मूव्हिंग’, हे मात्र मराठी कान आपोआप बरोबर सांगतो.

दुसरा दगा याच्या बरोबर उलटा. मराठीत ‘त होतं’ ऐकू येतं, पण इंग्रजीत ‘इंग’ चालत नाही. ‘आजीला दार उघडायचं नव्हतं’ इथं फारसा गोंधळ होत नाही, ‘डिडन्ट वाँट’ मुलं लिहितात. पण ‘तिला तो आवाज आवडत होता’, ‘मला वाटत होतं की तो चोर आहे’, ‘तिला सगळं समजत होतं’ अशा वाक्यांत ‘त होता’ स्पष्ट ऐकू येतं आणि पेन ‘वॉज लायकिंग’, ‘वॉज अंडरस्टँडिंग’ कडे वळतं. माहीत असणं, आवडणं, हवं असणं, समजणं, पटणं, मालकीचं असणं हे इंग्रजीच्या हिशेबी करायचं काम नाही, मनाची किंवा मालकीची स्थिती आहे. ती कितीही वेळ चालली तरी साधा भूतकाळ: ‘लाइक्ड’, ‘अंडरस्टुड’, ‘न्यू’, ‘वाँटेड’. मीनाला आवाज ओळखीचा होता, म्हणून ‘मीना न्यू द व्हॉइस’.

एका बर्गरवाल्या कंपनीनं २००३ साली ‘आय अ‍ॅम लव्हिन इट’ अशी जाहिरात काढली आणि तेव्हापासून दरवर्षी एक तरी मुलगा ती माझ्यासमोर पुरावा म्हणून ठेवतो. जाहिरातीला लक्ष वेधायचं असतं, तिला कुणी मार्क देत नाही. तुम्ही पेपरात ‘लव्ह्ड’ लिहा.

पण दोन-तीन क्रियापदं दोन्ही घरची आहेत, ती ओळखून ठेवा. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं असेल तर ‘ही हॅड अ डॉग’. जेवणं असेल तर ‘ही वॉज हॅविंग लंच’. ‘थिंक’ म्हणजे मत असणं असेल तर ‘आय थॉट इट वॉज अ थीफ’. विचारात गढून जाणं असेल तर ‘आय वॉज थिंकिंग अबाउट द एक्झाम व्हेन द बेल रँग’. इथंही बाईंचा प्रश्न कामाला येतो. ‘तेव्हा तो काय करत होता?’ असं विचारा. ‘जेवत होता’ हे उत्तर होऊ शकतं, ‘विचार करत होता’ हेही. ‘कुत्रा असत होता’ हे उत्तर होत नाही. दिसण्या-ऐकू येण्याचं मात्र वेगळं आहे. ‘दूरवर दिवा दिसत होता’ ला इंग्रजी माणूस ‘वी कुड सी अ लाइट’ म्हणतो. रिकाम्या जागेत नुसतं ‘सी’ दिलं असेल तर ‘सॉ’ लिहून मोकळं व्हा.

तिसरा दगा रोजच्या सवयीचा. ‘लहानपणी आम्ही नदीवर पोहायला जात होतो.’ वर्षानुवर्षं चाललेली गोष्ट आहे, मराठीत ‘जात होतो’ आहे, मग ‘वी वेर गोइंग’ असं वाटतं. चूक. जुने लोक इथं ‘जात असू’ म्हणायचे, तुम्ही ‘जायचो’ म्हणता. तेच कामाचं आहे. ‘जात होतो’ च्या जागी ‘जायचो’ बसत असेल आणि अर्थ तोच राहत असेल, तर ती सवय आहे. सवयीला ‘वेंट’ द्या. परीक्षकांना एकाच गोष्टीत दोन्ही आणून ठेवायला आवडतं. हे बघा:

‘एव्हरी मॉर्निंग द ओल्ड मॅन —फीड— द क्रोज. वन मॉर्निंग, व्हाइल ही —फीड— देम, अ क्रो —टेक— हिज ग्लासेस.’

क्रियापद तेच, माणूस तोच, कावळेही तेच. पहिल्या वाक्यात म्हातारा रोज ‘खायला घालायचा’, म्हणून ‘फेड’. दुसऱ्यात त्या एका सकाळी तो ‘खायला घालत असताना’, म्हणून ‘वॉज फीडिंग’. आणि मग काय झालं? कावळ्यानं चष्मा नेला, ‘टुक’. गोष्टींमध्ये ‘एव्हरी डे’ वरून ‘वन डे’ वर उडी आली की सावध व्हा. अर्ध्याअधिक लोककथा तिथंच वळतात.

सवयीला लागूनच एक गैरसमज आहे की जास्त वेळ चाललं म्हणजे ‘इंग’. ‘दे वेटेड फॉर टू अवर्स अँड वेंट होम’ यात दोन तास वाट पाहणं काही थोडं नाही, पण ते पूर्ण झालं आणि मग माणसं घरी गेली. मोजून दिलेली मुदत, तीही संपलेली, आणि पाठोपाठ दुसरी घटना, असं असलं की साधा भूतकाळ. ‘दे वेर वेटिंग व्हेन द बस केम’ यात मात्र बस आली तेव्हा वाट पाहणं चालूच होतं.

आता ‘व्हेन’ आणि ‘व्हाइल’ बद्दल. क्लासमध्ये तुम्हाला सांगतात: ‘व्हाइल’ पुढं ‘इंग’, ‘व्हेन’ पुढं साधा. ‘व्हाइल’ चं बऱ्याचदा खरं निघतं. ‘व्हेन’ चं निघत नाही. ‘व्हेन आय वॉज क्रॉसिंग द रोड, आय सॉ अ स्नेक’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. आणि मोठा धोका ‘व्हेन’ च्या पलीकडच्या अर्ध्या वाक्यात असतो. ही दोन वाक्यं बघा: ‘व्हेन द टीचर केम इन, वी स्टुड अप.’ ‘व्हेन द टीचर केम इन, वी वेर फायटिंग.’ पहिल्यात बाई आल्या म्हणून आम्ही उभे राहिलो, आधी बाई आणि मग आम्ही. दुसऱ्यात बाई येण्याआधीपासून मारामारी चालू होती. आता दुसऱ्या वाक्यात ‘वी फॉट’ लिहून बघा. अर्थ होतो, बाई आत आल्या आणि मग आम्ही मारामारीला सुरुवात केली. असा धाडसी वर्ग मी तरी पाहिला नाही.

तेव्हा ‘व्हेन’ दिसलं की त्या शब्दाकडे बघू नका, त्या क्षणाकडे बघा. दार उघडलं, बाई आल्या, घंटा झाली, हा तो क्षण. दुसरी क्रिया त्या क्षणाआधी सुरू झालेली की त्या क्षणामुळं सुरू झाली? आधी सुरू झालेली असेल तर ‘इंग’. त्यामुळं किंवा त्यानंतर झाली असेल तर साधा भूतकाळ.

मीनाच्या गोष्टीतलं वाण्याचं वाक्य याच कसोटीला लावा. ‘इट वॉज हायडिंग बिहाइंड द राइस बॅग्ज व्हेन आय —क्लोज— द शॉप.’ मी दुकान बंद केलं त्या क्षणी पिल्लू लपलेलं होतं, म्हणून ‘क्लोज्ड’. पण वाणी असंही म्हणू शकतो की मी दुकान बंद करत होतो, फळ्या लावत होतो, तेव्हा ते मागं लपलं होतं. मग ‘वॉज क्लोजिंग’. दोन्ही बरोबर आहेत. अशी जागा खऱ्या पेपरात आली आणि उत्तरपत्रिकेत एकच उत्तर धरलं असेल, तर तो पेपर काढणाऱ्याचा आळस. तुम्ही मात्र अशा ठिकाणी साधा भूतकाळ लिहा. एका वाक्यात एक चालू क्रिया आणि एक घटना हीच जोडी परीक्षकाच्या डोक्यात बहुधा असते, आणि पिल्लाचं लपणं चालू क्रियेची जागा आधीच घेऊन बसलं आहे. शेवटची जागा ‘ही सेड’. गोष्टीत बोलणं आलं की ‘सेड’, ‘आस्क्ड’, ‘रिप्लाइड’ यांना साधा भूतकाळच लावायचा, त्यात डोकं घालवू नका.

दार वाजवण्याचं एक राहिलं. ‘समवन नॉक्ड’ म्हणजे कुणीतरी दार वाजवलं. ‘समवन वॉज नॉकिंग’ म्हणजे कुणीतरी सारखं दार वाजवत होतं. टक् असा एक आवाज क्षणात संपतो, तो चालू राहू शकत नाही. म्हणून असल्या क्षणभराच्या क्रियेला ‘इंग’ लावलं की ती पुन्हा पुन्हा होते असा अर्थ येतो. ‘व्हेन आय वोक अप, समवन वॉज नॉकिंग’ इथं ते शोभतं, कारण मी जागा होण्याआधीपासून ठोकणं चाललं होतं. उडी मारणं, खोकणं, डोळे मिचकावणं यांचंही तसंच.

लिहिण्याचं थोडक्यात. उत्तर बरोबर आणि स्पेलिंग चूक असलं तरी मार्क जातो. ‘सिटिंग’, ‘रनिंग’, ‘स्विमिंग’ मध्ये ‘इंग’ आधीचं अक्षर दोनदा येतं. ‘रायटिंग’, ‘हायडिंग’, ‘क्लोजिंग’ मध्ये शेवटचा ‘ई’ गळतो. ‘लाय’ आणि ‘डाय’ चा ‘आय-ई’ जाऊन ‘वाय’ येतो. कर्ते अनेक असतील तर ‘वेर’. ‘मीना अँड ग्रँडमदर वॉज’ असं लिहिणारी मुलं घाईत असतात, बाकी काही नाही. नकार असेल तर ‘डिड’ पुढं मूळ क्रियापद. ‘डिडन्ट वाँटेड’ लिहू नका.

तुमच्यातली काही जण केंब्रिजची बी-वन प्रिलिमिनरी परीक्षा देतात. तिच्यात एका उताऱ्यात सहा जागा असतात, प्रत्येकीत एकच शब्द भरायचा आणि क्रियापद दिलेलं नसतं. तिथं जागेच्या पुढं ‘इंग’ वालं रूप उभं असेल, तर आधी ‘वॉज’ किंवा ‘वेर’ बसतं का ते बघा. दोन चालू क्रियांच्या मध्ये जागा असेल तर ‘व्हाइल’ लावून पाहा. कसोटी तीच, फक्त उलट बाजूनं लावायची.

आता एक वाक्य तुमच्यासाठी ठेवते. उत्तर मी इथं देत नाही. आधी मराठीत म्हणा, ‘ला होता’ कुठं येतं ते ऐका, मग लिहा आणि तुमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना दाखवा:

‘व्हेन द बस —स्टॉप—, द कंडक्टर —स्लीप—, अँड नोबडी —नो— द नेम ऑफ द व्हिलेज.’